टाके पडल्यानंतरचं ताट: शस्त्रक्रियेनंतर घरी काय, किती आणि कसं खायला द्यावं

खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली आजी पाच-सहा दिवसांनी घरी येते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी सविस्तर असते, आहाराच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा दोन-तीनच शब्द असतात: हाय प्रोटीन डाएट. त्याच संध्याकाळी घरात पेज चढते. दुसऱ्या दिवशी गुरगुट्या भात, वर पातळ वरणाचं पाणी, मधल्या वेळी चहा-बिस्किट, संध्याकाळी साबुदाण्याची खीर. पोटाला हलकं, गिळायला सोपं, आणि देणाऱ्याच्या मनात माया. पण जखम भरायला आणि हाड सांधायला जे लागतं, ते या ताटात फार थोडं असतं.

आहारतज्ज्ञ म्हणून हाडांच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण मी नेहमी पाहते. घरी पहिल्यांदाच रुग्णाचं खाणं सांभाळायची वेळ आलेल्या सुनेसाठी, मुलासाठी, नवऱ्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेते: ७२ वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या, अंडंही न खाणाऱ्या शाकाहारी आजी. टायफॉइड, डेंग्यू किंवा न्यूमोनियासारख्या लांबलेल्या आजारातून उठलेल्या माणसालाही यातलं बरंच लागू पडतं. पोटाची, आतड्याची किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र कधी, काय आणि किती मऊ द्यायचं हे सर्जनच ठरवतात. तिथे हा लेख वापरू नका. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लिव्हरचा आजार असेल, तर प्रथिनांचा आकडाही डॉक्टरांकडूनच घ्या.

पायरी १: आधी हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. शस्त्रक्रियेनंतर ही गरज वाढून १.२ ते १.५ ग्रॅमवर जाते. कारण साधं आहे. जखमेच्या कडा जोडणारं कोलॅजन हे प्रथिन आहे, जंतूंशी लढणाऱ्या पेशी प्रथिनांच्या बनतात, आणि आहारातून प्रथिनं आली नाहीत तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंमधून काढून घेतं. खाटेवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या आठवड्याभरात बारीक दिसू लागतात त्या यामुळेही. जखम भरते, पण पायात उभं राहायचं बळ उरत नाही.

आपल्या आजींचं वजन ५२ किलो. ५२ गुणिले १.२ म्हणजे साधारण ६२ ग्रॅम आणि ५२ गुणिले १.५ म्हणजे ७८ ग्रॅम. रोज ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं हे आपलं लक्ष्य. इथे एक गल्लत फार होते: ७० ग्रॅम प्रथिनं म्हणजे ७० ग्रॅम डाळ किंवा ७० ग्रॅम पनीर नव्हे. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत प्रथिनं २२ ते २४ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २०.

आता एक दिवस काहीही न बदलता, आजी खरोखर काय खातात ते वहीत लिहा. ताटात वाढलेलं लिहू नका, पोटात गेलेलं लिहा. वर वर्णन केलेल्या आजींचा दिवस असा निघतो. दोन वेळच्या चहातल्या दुधातून ३ ग्रॅम, चार बिस्किटांतून २, सकाळच्या वाटीभर पेजेतून २. दुपारी वाटीभर मऊ भाताचे साडेतीन आणि पातळ वरणाचे ३. संध्याकाळच्या खिरीत साबुदाण्याचं जवळपास शून्य, त्यातल्या अर्ध्या कप दुधाचे ३. रात्री अर्धी वाटी भात आणि परत पातळ वरण मिळून ५. बेरीज होते साडेएकवीस. गरजेच्या एक तृतीयांश. दिवसातून पाच वेळा खाल्लेलं असतं, म्हणून घरच्यांना वाटतं की 'खाणं चांगलं चाललंय'.

पायरी २: जे खातात तेच घट्ट करा

भूक मेलेल्या माणसाला जास्त खा म्हणून उपयोग नाही. घास तेवढेच ठेवून प्रत्येक घासात प्रथिनं वाढवायची.

सुरुवात वरणापासून करा, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. कुकरमध्ये चार माणसांसाठी वाटीभर डाळ लावली, घोटून पाणी घातलं, की वर पातळ आणि खाली डाळ बसलेलं वरण तयार होतं. रुग्णाला वाढताना पळी वरच्यावर फिरते, 'पातळ दे, गिळायला बरं' म्हणून. त्या वाटीत दहा-बारा ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिनं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. त्याऐवजी आजींची डाळ वेगळ्या डब्यात लावा. पाव वाटी कोरडी डाळ म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात ७ ग्रॅम प्रथिनं. शिजली की गुठळी न राहता घोटा, पाणी फक्त पळीतून सावकाश पडेल इतकंच घाला, वर साजूक तूप आणि हिंग-जिऱ्याची फोडणी. वाटी तीच, गिळायला तितकंच सोपं, आणि प्रथिनं दुपटीहून अधिक.

दुधाचंही तसंच. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली की आणखी ५ ग्रॅम मिळतात. चवीत फारसा फरक कळत नाही, वेलची किंवा थोडी कॉफी घातली तर मुळीच नाही. ही पावडर साध्या किराणा दुकानात मिळते. डब्यावर धावणाऱ्या मुलाचं चित्र असलेल्या बऱ्याच शक्तिवर्धक पावडरींमध्ये मुख्यतः माल्ट आणि साखर असते. डब्याच्या मागे '१०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती' ही ओळ वाचा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ती ३५ च्या आसपास असतात. त्यापेक्षा पुष्कळ कमी आणि किंमत जास्त असेल तर डबा दुकानातच राहू द्या. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली प्रथिनांची पावडर, ही चांगली सोय आहे, पण ती जेवण खरंच जात नसेल तेव्हासाठी.

पेज द्यायची असेल तर मुगाची डाळ घालून द्या. मेतकूट भात आवडत असेल तर त्यावर दही घ्या. नाचणीचं सत्त्व अनेक घरांत खास आजाऱ्यासाठी करून ठेवलेलं असतं. ते करताना मोड आलेली नाचणी वाटून गाळतात, त्यामुळे हाती राहतो तो मुख्यतः पिठूळ भाग. पचायला हलकं आहे, पण त्याच्या जिवावर जखम भरायची नाही. आंबील करायची तर नाचणीचं अख्खं पीठ घ्या आणि ती दुधात किंवा ताकात करा.

दही वाटीभर खाल्लं तर चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेच दोन वाट्या दही फडक्यात बांधून तासभर टांगलं की छोट्या वाटीभर चक्क्यात साधारण ७ ग्रॅम येतात आणि घास निम्मे होतात. चक्क्याचं पाणी कणीक मळायला घ्या, त्यातही थोडी प्रथिनं उतरतात.

अंडं चालत असेल तर काम बरंच सोपं होतं: एका अंड्यात ६ ग्रॅम. मासे किंवा चिकन चालत असेल तर १०० ग्रॅमला १८ ते २१ ग्रॅम. गोव्यात आणि कोकणात माशाचं पातळ कालवण आणि भात देतात, ते उत्तमच आहे, फक्त आजाऱ्याच्या वाटीत रस्सा नको, काटे काढलेले तुकडे पडू द्या. सुपाचंही हेच. चिकन उकळलेल्या पाण्यात चव उतरते, प्रथिनं बहुतांश त्या तुकड्यांतच राहतात.

या सगळ्यात भात, पोळी, तूप बंद करू नका. ऊर्जा कमी पडली तर शरीर महागाची प्रथिनं सरपणासारखी जाळतं. आजींना दिवसाला साधारण १५०० कॅलरी लागतात, आणि त्या तूप, दाण्याचं कूट, गूळ, भात यांतूनच येणार.

पायरी ३: 'आंबट नको, डाळ नको' याला उत्तर

टाके पडले की भेटायला येणारं कुणीतरी हे म्हणतंच. "टाके ओले आहेत गं अजून, डाळ नको देऊस, पू धरेल. आणि लिंबू तर अजिबात नको." सांगणाऱ्या काकूंच्या मनात काळजीच असते. पण या एका सल्ल्याने डाळीची प्रथिनं आणि आंबट फळांतलं क जीवनसत्त्व अशा जखमेला लागणाऱ्या नेमक्या दोन गोष्टी ताटातून जातात.

पू होतो तो जखमेत जंतू वाढल्याने. तो म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि स्राव. डाळ किंवा लिंबू खाऊन तो तयार होत नाही. उलट क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनचे धागे नीट पिळले जात नाहीत आणि कच्चे राहतात. शरीर कोलॅजन तयार करतं तेव्हा त्याच्या साखळीतल्या काही कड्यांवर एक रासायनिक बदल करावा लागतो, आणि तो बदल करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्वाची मदत लागते. ते फारच कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, जखम रेंगाळते, जुने व्रणही कमकुवत होतात.

घरातल्या मोठ्यांशी वाद घालत बसू नका. पुढच्या ड्रेसिंगला जाल तेव्हा सगळ्यांसमोर डॉक्टरांना विचारा, "डाळ आणि आंबट फळं दिली तर चालतील ना?" उत्तर त्यांच्या तोंडून आलं की घरी परत विषय निघत नाही.

आता किती द्यायचं. निरोगी बाईला रोज ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. जखम भरत असताना १०० ते २०० मिलिग्रॅम मिळालं तर बरं. इथे लिंबाबद्दल एक सांगायला हवं. वरणावर पिळलेल्या अर्ध्या लिंबातून चार-पाच मिलिग्रॅमच मिळतं. डाळीतलं लोह अंगी लागायला आणि तोंडाला चव यायला त्याची मदत होते, म्हणून पिळाच. पण खरा साठा पेरूत आहे. मध्यम पेरूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा पेरू दिवसाला पुरतो. दात नसतील किंवा बिया अडकत असतील तर पेरू चमच्याने खरवडून, बिया गाळून, मिठाची चिमूट घालून द्या. पेरूचा हंगाम नसेल तर वाटीभर पिकलेली पपई किंवा एक मोठं संत्रं आणि सोबत कच्चा टोमॅटो. ताजा आवळा मिळाला तर एक किसून ताकात घाला. मोरावळा मात्र शिजवून केलेला असतो, त्यात क जीवनसत्त्व कमी आणि साखर भरपूर.

क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जातं. म्हणून फळ कापून तासन्‌तास ठेवू नका, कोशिंबीर आयत्या वेळी करा, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या. मनाने दोन-तीन गोळ्या घेऊन जखम लवकर भरत नाही. जादाचं लघवीवाटे जातं, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असेल तर त्रास वाढू शकतो.

पायरी ४: झिंक

नव्या पेशी तयार होताना झिंक लागतं, आणि ते कमी पडलं तर चवही जाते. बाईला रोज १३ आणि पुरुषाला १७ मिलिग्रॅम ही निरोगी माणसाची गरज. मांसाहारी घरात मटण आणि अंड्यातून ते सहज मिळतं. शाकाहारात तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू, हरभरा, मटकी, बाजरी यांत ते असतं, पण डाळी-धान्यांतल्या फायटेट नावाच्या द्रव्याने ते अडकवून ठेवलेलं असतं. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. रात्रभर भिजवलेली डाळ, मोडाचे मूग, आंबवलेल्या पिठाची इडली यांतलं झिंक जास्त अंगी लागतं. आजींसाठी मटकीऐवजी मूग घ्या, पोट कमी फुगतं. उसळ चावत नसेल तर मोडाचे मूग वाटून धिरडी करा.

झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस द्या. ज्याला झिंक कमी पडलं आहे त्याला त्यांचा फायदा होतो. ज्याला कमी नाही त्याची जखम त्याने लवकर भरत नाही. उपाशीपोटी दिली तर हमखास मळमळतं. रोज ४० मिलिग्रॅमहून अधिक झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून रक्त कमी होऊ शकतं.

आणि एक गोष्ट, जी औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरात असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर दूध-दही आणि झिंक, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या त्याच्यासोबत देऊ नका. औषध त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. अँटिबायोटिक आधी, बाकीचं किमान दोन तासांनी. नक्की वेळा केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारून गोळीच्या पट्टीवरच लिहून ठेवा.

पायरी ५: थोडं थोडं, पण घड्याळ लावून

शस्त्रक्रियेनंतर भूक लागत नाही याला कारणं आहेत. वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः ट्रॅमाडॉलने, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. काही अँटिबायोटिक्सनी तोंड धातूसारखं कडू होतं. दिवसभर पडून असल्याने पोट जड वाटतं. अशा वेळी भरलेलं ताट समोर आलं की पाहूनच नको होतं. म्हणून ताट नको, वाटी द्या. तीन जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी लहान वाटी, दिवसाला सात-आठ वेळा. 'भूक लागली की सांगा' असं म्हणू नका, कारण आजी सांगणार नाहीत.

त्याच आजींचा बदललेला दिवस असा दिसतो. सकाळी सातला दूध पावडर घातलेलं कपभर दूध, ११ ग्रॅमहून थोडं जास्त. चहा हवाच असतो, तो नंतर अर्धा कप. नऊला मुगाची दोन छोटी धिरडी, कोथिंबिरीची चटणी लावून. तिसरा हिस्सा वाटी डाळ जाते, म्हणजे ९ ग्रॅमच्या वर. अकराला पेरूचा गर. एकला अर्धी वाटी मऊ भात, वाटीभर घट्ट वरण आणि ५० ग्रॅम पनीर कुस्करून केलेली भुर्जी, सोबत टोमॅटोची दोन चमचे कोशिंबीर. सगळे मिळून १८. चारला चक्का, त्यात पिकलेलं केळं कुस्करून, ७. सहाला तीळ आणि दाण्याच्या कुटाचा छोटा लाडू, साडेचार. आठला मुगाची खिचडी, जिच्यात तांदूळ आणि डाळ सारखीच, आणि वाटीभर कढी, मिळून १२. झोपताना कपभर हळद-दूध, साडेसहा. फळातलं धरून बेरीज साधारण ७० ग्रॅम. एकाही वेळी पोट तुडुंब भरलेलं नाही.

पहिल्याच दिवशी हे सगळं जाणार नाही. पहिले दोन-तीन दिवस फक्त सकाळचं दूध आणि दुपारचं वरण बदला. मग धिरडी आणा, मग चक्का. आठ-दहा दिवसांत ७० च्या जवळ पोहोचलात तर छान. आजींनी निम्मी वाटी ठेवली तर तेवढंच वहीत लिहा आणि पुढच्या वेळी आधी भुर्जी, मग भात असा क्रम लावा. प्रथिनांचा घास पहिला जाऊ द्या. जेवणाआधी अर्धा तास पाणी, सरबत, चहा देऊ नका, पोट त्यानेच भरतं. पाणी दोन खाण्यांच्या मध्ये द्या.

भरवताना आजींना पाठीशी उशा देऊन ताठ बसवा आणि खाल्ल्यावरही अर्धा तास तसंच ठेवा. पडल्यापडल्या पाजलेलं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दर घासाला ठसका लागत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

बद्धकोष्ठता होणारच असं धरून चाला. पपई, शिजवलेला पालक किंवा दुधी, आणि दिवसभरात सहा-सात पेले पाणी, हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर. इसबगोल द्यायचं तर पेलाभर पाण्यासोबतच. तीन दिवस शौचाला झालं नाही तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर पालेभाजी एक दिवस भरपूर आणि चार दिवस बंद असं करू नका, रोज सारख्याच प्रमाणात द्या.

मधुमेह असेल तर हा आहार पेज-बिस्किटांपेक्षा बराच बरा आहे. साखर वाढलेली राहिली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतू फोफावतात. लाडवात गूळ आणि चक्क्यात केळं घालू नका, ग्लुकोज पावडर बंद, आणि फळाचा रस न देता फळ द्या.

लांबलेल्या आजारानंतर एक वेगळा धोका

आजारात पाचहून जास्त दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नसेल, किंवा माणूस काही महिन्यांत पुष्कळ वाळलेला असेल, तर वरचा दिवस एकदम सुरू करू नका. उपाशी शरीराला अचानक भरपूर खाणं मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि रक्तात त्यांची पातळी घसरते. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो. डॉक्टर अशा वेळी रक्त तपासतात, आधी ब१ जीवनसत्त्व देतात आणि गरजेच्या निम्म्यापासून किंवा त्याहूनही कमीपासून सुरू करून काही दिवसांत हळूहळू वाढवतात. खाणं वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात पायांवर सूज, दम, धडधड किंवा गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर घरी वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या.

पायरी ६: उपयोग होतोय हे कसं ओळखायचं

खुब्याच्या रुग्णाला सुरुवातीला वजनकाट्यावर उभं करता येत नाही. त्याऐवजी शिंप्याची टेप घ्या आणि दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, दर आठवड्याला त्याच हातावर. घेर टिकला किंवा थोडा वाढला तर ठीक. कमी होत असेल, बांगड्या सैल होत असतील, तर वहीतला हिशेब पुन्हा तपासा. बहुतेक वेळा वाढलेलं आणि खाल्लेलं यांत फरक पडलेला असतो. वॉकर घेऊन उभं राहताना हाताचा आधार आधीपेक्षा कमी लागतोय का, हेही पाहा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम होत नसेल तर नुसत्या प्रथिनांनी मांडी भरून येत नाही, म्हणून व्यायामानंतर तासाभरात एक वाटी ठेवलेली बरी.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ॲल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी दिसलं की घरचे घाबरतात आणि प्रोटीन पावडरचा डबा आणतात. शस्त्रक्रियेनंतर आणि जंतुसंसर्गात ॲल्ब्युमिन आपोआप खाली जातं. फक्त त्या आकड्यावरून खाणं कमी पडतंय असं ठरवता येत नाही. दंडाचा घेर आणि वही त्यापेक्षा जास्त सांगतात.

जखम रोज नजरेखालून घाला. कडेची लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, घाण वास किंवा पू येत असेल, टाका उसवला असेल, किंवा थंडी वाजून ताप आला, तर तो खाण्याने सुटणारा प्रश्न नाही. त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात आणि बऱ्याच घरांत त्या दिवशी परत चहा-बिस्किट सुरू होतं. खुब्याचं हाड सांधायला मात्र तीन महिने तरी लागतात आणि गेलेला स्नायू परत यायला त्याहून जास्त. तोपर्यंत ७० च्या आसपास राहू द्या, डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवा, आणि फॉलो-अपला जाताना ती वही बरोबर न्या. तीन महिन्यांनंतर आजी घरात आधाराशिवाय वावरू लागल्या, वजन स्थिर झालं, की मधल्या दोन वाट्या कमी करून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर आणता येतं. या वयात त्याखाली मात्र जाऊ नये.